घंटेसाठी तिसरा हात

वाकाबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्यांच्या घराबाहेर आता उरलं नव्हतं. आपत्ती प्रशिक्षण केंद्रात त्या सव्वीस वर्षं नोकरीला होत्या आणि सव्वीस वर्षं एकच वाक्य सांगत आल्या होत्या. भूकंप सुरू झाला की पळायचं नाही. वाका, झाका, धरा. गुडघ्यांवर वाका, डोकं आणि मान झाका, ज्याच्या आडोशाला गेलात ते घट्ट धरा, आणि हलणं थांबेपर्यंत तिथून हलू नका. एवढं सोपं वाक्य. पण लोकांनी त्यातलं काही घेतलं असेल तर फक्त बाईंचं टोपणनाव.

बाई तापट होत्या हे खरं, पण तापायला कारणंही तशीच मिळायची. बस आगारात चालकांचा वर्ग घेतला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक जाडजूड चालक हात वर करून म्हणाला, "बाई, भूकंप झाला हे आम्हाला कळायचं कसं? आमची गाडी तर रोजच हलते." सगळा वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. "चाक पंक्चर झाल्यासारखं स्टिअरिंग हाताला ओढ देईल. वरच्या तारा झोके घेतील, रस्त्यावरची माणसं दारू प्यायल्यासारखी चालतील. तेव्हा ब्रेक दाबून गाडी आडवी घालायची नाही. वेग हळूहळू कमी करायचा, पूल, तारा, मोठी झाडं सोडून कडेला उभी करायची, हँडब्रेक ओढायचा. आणि दार उघडायचं नाही! माणसं आत बसलेलीच बरी. बसलेल्यांनी मान खाली घालून पुढच्या सीटचा दांडा धरायचा, उभे असतील त्यांनी तिथेच खाली बसून खांब धरायचा. हसून झालं असेल तर लिहून घ्या." लिहून कोणी घेतलं नाही, कारण पेन कोणी आणलंच नव्हतं.

बारा मजल्यांच्या एका इमारतीत तर कहर झाला. बाईंनी रहिवाशांना सांगितलं, की लिफ्टमध्ये असताना हादरा जाणवला तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि लिफ्ट जिथे आधी थांबेल तिथे बाहेर पडा. मधेच अडकली तर दार उचकटायच्या भानगडीत पडू नका, खाली बसा, डोकं झाका, धोक्याचं बटण दाबून वाट बघा. आणि हादरा थांबला म्हणून खाली उतरायला पुन्हा लिफ्टमध्ये शिरू नका. त्यावर इमारतीचे सेक्रेटरी उठले आणि लिफ्टशेजारच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "एका वेळी एकच बटण दाबावं, असा आमचा ठराव आहे. पोरं खोड्या करतात. जास्त बटणं दाबली तर दंड." बाईंनी त्या पाटीकडे आणि मग सेक्रेटरींकडे असं पाहिलं, की बैठक तिथेच संपली.

एवढा संताप एका बाईच्या अंगात कुठून आला, याचं उत्तर पंचेचाळीस वर्षं जुनं होतं. बाईंची थोरली बहीण एका शिवणकामाच्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर मशीन चालवायची. बाई तेव्हा बारा वर्षांच्या. शाळा सुटली की ताईचा डबा घेऊन कारखान्याच्या खालच्या पायरीवर बसायच्या आणि गृहपाठ करायच्या. एका दुपारी, त्या तिथेच बसल्या असताना, जमीन हलली. वर कोणीतरी "पळा!" म्हणून ओरडलं. हादरा होता मोजून पंधरा सेकंदांचा, पण तेवढ्यात दोन मजल्यांवरच्या मुली एका अरुंद जिन्यात एकमेकींवर कोसळल्या. सगळ्यात खाली ताई होती. इमारतीला तडादेखील गेला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ भिंतीवरच होतं आणि चालू होतं. मशीनच्या टेबलाखाली पंधरा सेकंद बसली असती तर ताई संध्याकाळी घरी आली असती.

बाई ताईसाठी रडल्या खूप, पण त्याहून जास्त तिच्यावर चिडल्या. पळायची काय गरज होती? एवढी शहाणी, सगळ्या घराला अक्कल शिकवणारी, आणि ऐन वेळी मेंढरासारखी पळाली! हा राग बाईंनी आयुष्यभर जपला आणि त्याच रागावर नोकरी केली.

आता बाईंना निवृत्तीला सात महिने उरले होते. बस, बाजार, लिफ्ट, सगळं त्यांनी एक वेळ सोडून दिलं असतं. पण एका गोष्टीने त्यांची झोप उडवली होती, आणि ती गोष्ट म्हणजे शाळेची घंटा. ही शाळा त्यांच्या नातीची होती. नात चौथीत होती आणि चौथीचा वर्ग होता तिसऱ्या मजल्यावर. खाली यायला जिना एकच.

शाळेत दोन महिन्यांपूर्वी आपत्तीची तालीम झाली होती. बाई तेव्हा दुसऱ्या गावी वर्ग घ्यायला गेल्या होत्या, म्हणून मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, ती स्वतःच उरकली. परत आल्यावर बाईंनी सूचनाफलकावर परिपत्रक वाचलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उडू लागली. "आग अथवा भूकंप सुरू होताच शिपायाने घंटा सलग वाजवावी. घंटा ऐकताच सर्व विद्यार्थ्यांनी जिन्याने उतरून तीन मिनिटांच्या आत मैदानात जमावे." खाली सही, शिक्का आणि तालमीत लागलेला वेळ : दोन मिनिटं पन्नास सेकंद. तो आकडा लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेला होता.

आगीला घंटा बरोबर. पण जमीन हलत असताना घंटा म्हणजे पितळेच्या तोंडाने "पळा!" ओरडणंच.

त्या दिवशी दुपारी बाई तिसऱ्यांदा मोठ्या सरांपुढे जाऊन बसल्या.

"सर, त्या कागदावरचे दोनच शब्द खोडा. 'अथवा भूकंप'. एवढंच मागते. हादरे चालू असताना मुलं बाकाखाली हवीत. घंटा हादरे थांबल्यावर वाजवायची."

"पण बाई, घंटेशिवाय मुलांना कळणार कसं?"

"जमीन हलतेय हे सांगायला घंटा कशाला लागते? जमीन सांगते!"

"तसं नाही हो. दोन प्रसंगांना दोन वेगळे नियम लहान पोरांच्या लक्षात राहत नाहीत. शिस्त एकच हवी." मोठे सर शांत आवाजात बोलत होते, आणि बाईंना सगळ्यात जास्त राग त्या शांत आवाजाचा यायचा. "शिवाय दोन मिनिटं पन्नास सेकंद. आसपासच्या एकाही शाळेला जमलेलं नाही. आता मुलं आधी बाकाखाली बसणार म्हटल्यावर आमचा वेळ..."

"तुमचा वेळ गेला खड्ड्यात!" बाई म्हणाल्या.

मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या महिन्याच्या सभेत विषय मांडतो म्हणाले.

बाई तरातरा बाहेर आल्या. व्हरांड्यात घंटाकाका आपल्या टेबलाशी बसले होते. शाळेत विजेची घंटा होती, पण संकटात वीज जाते म्हणून खांबाला ताटाएवढी पितळी घंटा टांगलेली होती आणि तिच्या लाकडी हातोडीची जबाबदारी काकांवर होती. निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी कुरकुरणारे, पण हुकुमाचे पक्के.

"काका, मी तुम्हाला गेल्या आठवड्यात टेबलाखाली बसायला शिकवलं ना?"

"शिकवलंत की. चार वेळा. अजून कंबर धरलीये."

"मग भूकंप झाला तर काय कराल?"

काकांनी सूचनाफलकाकडे पाहिलं. "घंटा वाजवीन. लेखी हुकूम आहे, बाई. तुमचं तोंडी आहे."

बाईंनी हात जोडले. काकांना नाही, एकंदर जगाला. शाळा सुटायला अर्धा तास होता. तेवढ्यात भाजी घेऊन नातीला न्यायला परत येऊ, असं म्हणून त्या रस्ता ओलांडून समोरच्या बाजारात गेल्या.

बाजारातल्या भाजीवाल्या मावशीशी बाईंचं जुनं वैर होतं. बाजाराचा वर्ग घेतला होता तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "दाराकडे धावू नका. रचलेल्या खोक्यांपासून, फळ्यांपासून, काचांपासून लांब व्हा, खाली बसा. डोक्यावर हात धरा, नाहीतर टोपली." तेव्हा मावशी मधेच उठून म्हणाली होती, "टोपली डोक्यावर घ्यायला तुम्ही आम्हाला शिकवणार? अहो, जन्म गेला आमचा त्यात!" आणि अख्खा बाजार हसला होता. तेव्हापासून बाई तिच्याकडून भाजी घ्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. तिच्याकडची भाजी ताजी असायची, त्याला बाई तरी काय करणार?

"अर्धा किलो टोमॅटो," बाई फणकारल्या.

"आज कोणावर?" मावशीने विचारलं.

बाई उत्तर देणार तोच बटाट्यांच्या राशीतून एक बटाटा गडगडत खाली आला. त्यामागून दुसरा. मग चार-पाच एकदम. बाईंना वाटलं, मागून कोणीतरी राशीला धक्का दिला. मग तराजूची पारडी आपोआप डोलू लागली, छपराचे पत्रे कडाकडा वाजू लागले आणि बाईंच्या पायाखालची फरशी मागे ओढली गेली.

सव्वीस वर्षं ज्याची उजळणी केली ती गोष्ट आली होती. बाईंना काय करायचं ते पाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं.

आणि बाई पळाल्या.

टोमॅटोची पिशवी टाकून, खोक्यांच्या उतरंडीला घासून, शाळेच्या दिशेने. डोक्यात एकच चित्र होतं. काका हातोडी उचलतायत, घंटा वाजतेय, तिसऱ्या मजल्यावरची चाळीस पोरं दाराकडे धावतायत, जिना एकच आहे, आणि त्यात सगळ्यात खाली दोन वेण्यांची एक मुलगी आहे. बाजाराच्या तोंडाशी दुकानांची रांग होती, वर पाट्या, खाली काचा. बाईंना ना पाट्या दिसत होत्या ना काचा.

खांद्यावरच्या पर्सचा पट्टा मागून ताणला गेला. बाई पाठीमागे जवळजवळ आडव्याच झाल्या.

"बसा खाली!" भाजीवाली मावशी ओरडली. तिने एका हाताने पट्टा धरला होता आणि दुसऱ्या हातात रिकामी टोपली होती.

"सोड! माझी नात..."

"बसा म्हणते ना! स्वतःच शिकवता आणि स्वतःच पळता? लाज नाही वाटत?"

तिने बाईंना खांदा दाबून खोक्यांपासून दूर, मोकळ्या वाटेच्या मधोमध बसवलं, डोक्यावर टोपली पालथी घातली आणि स्वतः शेजारी उकिडवी बसून मानेवर दोन्ही हात धरले. पुढच्याच क्षणी दुकानांच्या रांगेतून धाडकन आवाज आला. एक भलीमोठी पाटी काचेसकट खाली आली होती. बाई ज्या वाटेने निघाल्या होत्या, त्याच वाटेवर.

बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपलीखाली कोथिंबिरीचा वास होता, अंधार होता आणि कान होते. पत्रे वाजत होते, कोणीतरी देवाला हाका मारत होतं, एक मूल रडत होतं. बाई या सगळ्याच्या पलीकडचा एकच आवाज शोधत होत्या. पितळेचा. त्यांनी सेकंद मोजायला सुरुवात केली. अकरा, बारा. नका वाजवू. सोळा, सतरा. काका, तुमच्या पाया पडते, नका वाजवू. पंधरा सेकंदांत काय होतं ते त्यांना माहीत होतं, आणि पंधरा केव्हाच होऊन गेले होते. सव्वीस. सत्तावीस. बाईंनी आयुष्यात इतक्या मनापासून कशाची वाट पाहिली नव्हती, आणि तीही आवाज न येण्याची.

अडतीसला जमीन थांबली.

एक क्षण सगळीकडे सामसूम. आणि मग, रस्त्यापलीकडून, टण्‌. टण्‌ टण्‌ टण्‌, सलग.

बाईंनी टोपली काढली. "आत्ता," त्या म्हणाल्या. "आत्ता वाजली! थांबल्यावर!" आणि मावशीच्या गळ्यात पडल्या. मग लगेच भानावर येऊन, भिंती आणि तारा टाळत, रस्त्याच्या मधून चालत शाळेकडे निघाल्या. पळाल्या मात्र नाहीत, कारण मावशीने पट्टा सोडला नव्हता.

मैदानात मुलं येत होती. दप्तरं डोक्यावर, एकामागे एक, जिन्याच्या भिंतीच्या बाजूने. पहिलीवाले, दुसरीवाले, मग तिसरी. चौथी सगळ्यात शेवटी. दोन वेण्या दिसल्या तेव्हा बाई मैदानाच्या मधोमध जमिनीवर बसल्या.

मोठे सर हातात घड्याळ घेऊन उभे होते. "सहा मिनिटं दहा सेकंद," ते पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले. "बाई, सहा मिनिटं दहा! घंटाच उशिरा झाली. वर्गातली पोरं बाकाखाली बसून राहिली, ती उठायलाच तयार नाहीत. म्हणतात, वाकाबाईंनी सांगितलंय, थांबेपर्यंत उठायचं नाही. तुम्ही कधी शिकवलंत यांना?"

"मधल्या सुट्टीत," बाई म्हणाल्या. "डबा खाता खाता. तुमच्या परवानगीशिवाय."

मोठे सर काही बोलणार होते, पण तेवढ्यात जमीन पुन्हा थरथरली. मागाहून येणारा छोटा धक्का. चारशे मुलं एका झटक्यात खाली बसली आणि डोक्यावर हात धरले. उभे राहिले ते एकटे मोठे सर. त्यांनी इमारतीकडे पाहिलं, हजेरीपटांचं कपाट आठवल्यासारखं तिकडे एक पाऊल टाकलं, आणि बाई जमिनीवरून कडाडल्या, "सर, बसा!"

मोठे सर इस्त्रीच्या विजारीसकट मातीत बसले. पहिलीतल्या एका पोराने त्यांना, मान कशी झाकायची, ते करून दाखवलं.

धक्का ओसरल्यावर घंटाकाका लंगडत आले. हातोडी अजून त्यांच्या काखेत होती. मोठ्या सरांनी कपडे झटकत त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "परिपत्रक वाचलं होतं ना? सुरू होताच, असं लिहिलंय. हादरे थांबेपर्यंत काय करत होतात?"

"वाजवणारच होतो, सर. उठलोच होतो," काका म्हणाले. "पण जमीन अशी हलली की पडलो, आणि समोर टेबल. गेलो खाली. आता बाईंनी शिकवलंय, एक हात डोक्यावर आणि एक हात टेबलाच्या पायाला, सुटता कामा नये. टेबल इकडेतिकडे पळत होतं, मी त्याच्याबरोबर. मग घंटा वाजवायला तिसरा हात कुठून आणू? त्याचं परिपत्रक काढा तुम्ही."

मोठ्या सरांनी खिशातून पेन काढलं. सूचनाफलक आत होता, आणि आत इतक्यात कोणी जायचं नव्हतं. म्हणून त्यांनी 'अथवा भूकंप' हे दोन शब्द आधी तळहातावर लिहिले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, खोडले.

एरवी बाईंनी यावर त्यांना चार शब्द ऐकवले असते. पण मागून भाजीवाली मावशी आली होती, आणि तिला ही गोष्ट पोटात ठेवणं जमणारं नव्हतं. "अहो, घंटेचं काय घेऊन बसलात! तुमच्या या वाकाबाई सगळ्यांच्या आधी पळाल्या! मी पट्टा धरून बसवलं. नाहीतर पाटीखाली गेल्या होत्या."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या केसांत कोथिंबिरीची काडी अडकलेली होती.

नात पुढे आली. तिने ती काडी काढली, आणि एखादी चूक पकडल्यावर बाईच करत तसं कपाळाला आठी घालून विचारलं, "आजी, तू पळालीस?"

"हो."

"का?"

"तू वर होतीस ना."

"पण मी तर बाकाखाली होते," नात म्हणाली. "तूच सांगितलं होतंस."

बाईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. बस चालकांना, सेक्रेटरींना, मोठ्या सरांना. या वेळी त्यांना ती पायरी दिसली. कारखान्याची खालची पायरी, मांडीवर वही, शेजारी ताईचा डबा. पंचेचाळीस वर्षं त्या विचारत आल्या होत्या की ताईला पळायची काय गरज होती, आणि त्या पायरीवर कोण बसलेलं होतं हे एकदाही हिशेबात धरलं नव्हतं.

मग सगळ्या शाळेदेखत, मोठ्या सरांदेखत, भाजीवालीदेखत त्या हुंदके देऊन रडल्या. नात घाबरली. तिला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तिने आजीच्या शेजारी गुडघ्यांवर बसून एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्याने तिचा दंड घट्ट धरला.